सहवेदनेचा थकवा : रजेचा अर्ज सर्वांत शेवटी

समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्यांच्या बाबतीत घटनांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी झोप उडते, मग घरच्यांवर चिडचिड होऊ लागते, आणि एके दिवशी समोरची बाई रडत असताना आपल्याला काहीच वाटत नाही हे ध्यानात येते. त्या दिवशी घाबरून आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला जातो. परत यावे तर टेबलावर नव्या केसेस आलेल्या असतात, जुन्या केसेसच्या तारखा उलटून गेलेल्या असतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. मग आपणच या कामाला कच्चे आहोत असा निष्कर्ष निघतो. माझ्या अनुभवात हे होते ते बहुतांशी एकाच कारणाने : जी पायरी शेवटी घ्यायची ती आधी घेतली जाते.

पुढील क्रम कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस हाताळणाऱ्या समुपदेशन केंद्राला धरून लिहिला आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, बालगृहातील कर्मचारी किंवा उपशामक सेवेतील परिचारिका यांना किरकोळ फेरफाराने तो लागू पडेल. घरी एकट्याने रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र तो अर्धाच लागू पडतो, कारण त्यांची मूळ अडचण मदतीला दुसरे माणूस नसणे ही असते आणि ती पुढे सांगितलेल्या नोंदींच्या वहीने सुटत नाही.

उदाहरण म्हणून मी एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या ताईंचे घेतले आहे. त्यांच्या देखरेखीचे काम माझ्याकडे होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी एक तपासणी

जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील, झोपेसाठी रोज दारू किंवा गोळी लागत असेल, अथवा ऐकलेले प्रसंग डोळ्यांसमोर येणे महिनाभराहून अधिक चालू असून त्यामुळे काम आणि घर दोन्ही अडत असेल, तर हा लेख बाजूला ठेवावा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. टेलि-मानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि ती आपल्यासारख्यांसाठीही आहे. ‘तुमच्यावर तर काही गुदरलेले नाही’ असे कोणी म्हटल्यास एवढे ठाऊक असू द्यावे की अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेने 2013 साली सुधारलेल्या निकषांत, कामाचा भाग म्हणून आघातांचे तपशील वारंवार समोर येणे हेसुद्धा आघातोत्तर ताणविकाराच्या कारणांत धरले आहे.

टप्पा 1 : कोणता थकवा आहे ते वेगळे काढणे

‘कंपॅशन फटिग’ म्हणजे सहवेदनेचा थकवा, हा शब्द सरसकट वापरला जातो, पण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या कामी येत नाहीत.

पहिली म्हणजे कामाने पिळून निघणे, ज्याला बर्नआउट म्हणतात. त्यात राग येतो तो नोंदवह्यांचा, मासिक अहवालाचा, वेळेवर न येणाऱ्या मानधनाचा आणि भरल्या न गेलेल्या पदाचा. केस ऐकताना माणूस ठीक असतो, पण ती फाइल पुन्हा उघडायची म्हटले की हात उठत नाही. हा थकवा महिनोन्‌महिने साचत जातो.

दुसरी म्हणजे दुय्यम आघात. इथे त्रास दुसऱ्यांच्या ऐकलेल्या-पाहिलेल्या प्रसंगांचा असतो. ज्या ताईंची गोष्ट मी सांगतो आहे त्यांच्याकडे भाजलेल्या एका स्त्रीची केस होती. त्यानंतर त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवताना हात मागे घ्यावासा वाटू लागला, आणि रात्री उठून गॅसचा कॉक दोनदा तपासण्याची सवय लागली. त्यांना कामाचा कंटाळा आलेला नव्हता. त्या सकाळी उत्साहाने केंद्रात यायच्या. त्यामुळे हा थकवा असेल असे त्यांना किंवा आम्हांला कोणालाच वाटले नाही.

ढोबळ तपासणी अशी : लागून आलेल्या तीन-चार सुट्यांत बरे वाटले आणि सोमवारच्या विचाराने पुन्हा जड झाले, तर पारडे बर्नआउटकडे झुकते. सुटीतही, कामापासून लांब असताना, प्रसंग आपसूक डोळ्यांसमोर येत राहिले तर दुय्यम आघाताचा विचार करावा. दोन्ही एकत्र असू शकतात. ताईंनी रजा घेऊन माहेरी आठ दिवस काढले होते आणि तिथेही चुलीजवळ बसणे त्यांना नको वाटत होते. ही खूण आम्ही तेव्हाच ओळखायला हवी होती.

टप्पा 2 : चौदा दिवसांची वही

उपाय सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे फक्त नोंद ठेवावी. साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत : वेळ, काय ऐकले, पाहिले किंवा लिहिले, शरीरात काय जाणवले, आणि ते पुढे कुठे व केव्हा आठवले. अर्जदाराचे नाव, गाव किंवा केस क्रमांक वहीत लिहू नये. स्वतःला कळेल अशी खूण पुरेशी आहे. गोपनीयतेसाठी हे आवश्यक आहेच, शिवाय नाव लिहिले की वही पुन्हा केसची फाइल होऊन बसते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वहीत प्रसंगच लिहून काढणे. ‘मन मोकळे करण्यासाठी’ तीन पाने लिहिली जातात आणि तोच तपशील आणखी एकदा मनातून फिरतो. एका नोंदीला एक ओळ, फार तर दीड.

ताईंच्या चौदा दिवसांपैकी अकरा दिवस कामाचे होते. या काळात प्रसंग आपसूक आठवण्याच्या नऊ नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या सात त्या एकाच केसच्या होत्या. त्याहून महत्त्वाचे हे की त्या सातही नोंदी अशा दिवशीच्या होत्या, ज्या दिवशी त्यांनी त्या केसचे काही टाइप केले होते किंवा फोटो उघडले होते. त्या स्त्रीशी प्रत्यक्ष बोलणे झाले त्या दिवशी एकही नोंद नव्हती. ‘केसेस फार झाल्या आहेत’ असे आम्ही महिनाभर म्हणत होतो, आणि वही भलतेच सांगत होती.

टप्पा 3 : प्रश्नावली भरणे आणि ती नीट वाचणे

चौदा दिवसांनंतर प्रोक्यूओएल ही, मदतीच्या कामाचा मनावरचा परिणाम मोजणारी प्रश्नावली भरावी. तिच्या पाचव्या आवृत्तीत 30 वाक्ये आहेत, गेल्या 30 दिवसांत ते किती वेळा जाणवले याला 1 ते 5 गुण द्यायचे असतात, आणि दहा-दहा वाक्यांच्या तीन बेरजा निघतात : कामातून मिळणारे समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात. 22 किंवा कमी म्हणजे अल्प, 23 ते 41 मध्यम, 42 किंवा अधिक म्हणजे जास्त. ही रोगनिदानाची चाचणी नाही. वाक्ये स्वतः मराठी करून घेतली असतील तर आपले आकडे दुसऱ्या कोणाशी ताडून पाहू नयेत. ते फक्त आपल्याच मागच्या आकड्यांशी ताडावेत.

सावधान : 1, 4, 15, 17 आणि 29 या पाच वाक्यांचे गुण उलटे करायचे असतात, म्हणजे 5 असल्यास 1 आणि 4 असल्यास 2. ती वाक्ये समाधानाची, जवळिकीची, श्रद्धेची आहेत, पण बेरीज बर्नआउटमध्ये होते. हे उलटवणे राहिले की आनंदी माणसाचे बर्नआउट वाढलेले दिसते. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

ताईंचे आकडे आले : समाधान 40, बर्नआउट 25, दुय्यम आघात 36. तिन्ही मध्यम, म्हणून फॉर्म फाइलला लावून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, बेरजेमागची वाक्ये पाहावीत. भयावह विचार आपसूक येतात आणि आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळल्या जातात, या दोन वाक्यांना ताईंनी प्रत्येकी 5 गुण दिले होते, तर केसमधील महत्त्वाचे भाग आठवत नाहीत या वाक्याला 1. बेरीज मध्यम आली ती अशा कमी-जास्तीच्या गोळाबेरजेमुळे.

टप्पा 4 : एकच तपशील किती वेळा हाताळतो ते मोजणे आणि कमी करणे

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक फरक इथे पडतो आणि याकडेच कोणी पाहत नाही. मारहाणीची एक हकीकत आपण एकदाच ऐकतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत ती ऐकली जाते, मग कच्च्या टिपणांवरून फाइलमध्ये उतरते, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली डीआयआर म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल भरायचा असेल तर त्यात पुन्हा लिहिली जाते, अर्जदाराला वाचून दाखवली जाते, संरक्षण अधिकाऱ्यांना फोनवर सांगितली जाते, आणि महिनाअखेर अहवालासाठी ‘उल्लेखनीय केस’ म्हणून परत टाइप होते. ताईंच्या बाबतीत मोजणी केली तेव्हा त्या एका प्रसंगाच्या तपशिलातून त्या सात आठवड्यांत अकरा वेळा गेल्या होत्या. त्यांपैकी त्या स्त्रीच्या उपयोगाच्या वेळा चारच होत्या.

एक कागद घ्यावा, सर्वाधिक टोचणारी एक केस निवडावी आणि तिचा तपशील आपल्या हातून कितीदा गेला ते तारखेनिशी लिहावे. मग प्रत्येक नोंदीपुढे विचारावे : हे करणे कायद्याने किंवा त्या स्त्रीसाठी गरजेचे होते का, आणि ते माझ्याच हातून व्हायला हवे होते का? बहुतेक ठिकाणी तीन बदल निघतात.

पहिला बदल लिखाणाचा. डीआयआर आणि फाइलमधील नोंद त्याच दिवशी, एकाच बैठकीत, केंद्रातच पूर्ण करावी. टिपणे घरी नेऊन रात्री जेवणानंतर टाइप करण्याची पद्धत ताबडतोब थांबवावी. मासिक अहवालातील उल्लेखनीय केस दुसऱ्या सहकाऱ्याने फाइलवरून लिहावी, आणि त्यात जखमांचे वर्णन नको.

दुसरा बदल फोटोंचा. जखमांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि मोबाइलच्या गॅलरीत आपोआप जाऊन बसतात. ताईंच्या गॅलरीत भाजलेल्या पाठीच्या फोटोशेजारी भाचीच्या बारशाचा फोटो होता. बारशाचा फोटो आईला दाखवायला गेल्या की आधी तो दिसायचा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings > Chats > Media visibility` येथे जाऊन ते बंद करावे. ते बंद केल्याने जुने फोटो आपोआप जात नाहीत. ते कार्यालयाच्या संगणकावर केसच्या फोल्डरमध्ये हलवून गॅलरीतून काढावे लागतात. पुरावा असल्याने फाइलमध्ये गेल्याची खात्री होईपर्यंत काहीही पुसू नये. छापील फोटो पाकिटात घालून फाइलच्या शेवटी लावावेत, पहिल्या पानावर नव्हे.

तिसरा बदल दिवसाच्या क्रमाचा. गंभीर हिंसेच्या दोन पहिल्या भेटी लागोपाठ ठेवू नयेत. मध्ये पाठपुराव्याचा फोन, पत्रव्यवहार किंवा संयुक्त बैठकीची तारीख ठरवणे असे काम ठेवावे. दिवसाची शेवटची भेट नवी नसावी. अर्थात पोलीस ठाण्यातून अचानक पाठवलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. म्हणून नियम आठवड्याला पाळावा, दिवसाला तो मोडला तर मोडू द्यावा.

टप्पा 5 : ऐकण्याची पद्धत

‘माझ्यावर अशी वेळ आली असती तर’ अशी कल्पना करत ऐकणे आणि ‘हिला काय वाटत असेल’ असे मनात धरून ऐकणे, यांत फरक आहे. डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या पद्धतीने ऐकणाऱ्यांमध्ये सहवेदनेसोबत स्वतःची अस्वस्थताही वाढलेली दिसली. आपल्याकडे नव्या समुपदेशकांना ‘स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहा’ असेच शिकवले जाते. हेतू चांगला असतो, पण दिवसाला पाच जणींच्या जागी स्वतःला ठेवणे परवडत नाही.

बसताना पाठ खुर्चीला टेकलेली आणि दोन्ही पाऊले जमिनीवर असावीत. हकीकत चालू असताना मनात दृश्य रंगू लागले तर नजर तिच्या आत्ताच्या हातांकडे, पदराकडे, श्वासाकडे आणावी. ती आत्ता या खोलीत सुरक्षित बसली आहे ही वस्तुस्थिती आहे. प्रश्नही कामापुरते विचारावेत : केव्हा, कशाने, साक्षीला कोण, याआधी कितीदा, आज रात्री कुठे राहणार. उत्सुकतेपोटी विचारलेला तपशील तिला दुसऱ्यांदा भोगावा लागतो आणि तो आपल्याकडेही राहतो.

टप्पा 6 : भेट संपल्यावरची सात मिनिटे

भेट संपल्यावर फाइलच्या शेवटी एक ओळ लिहावी : पुढची कृती कोणती, कोणाची, कोणत्या तारखेला. मनात केस घोळत राहते ती बहुधा ही ओळ न लिहिल्यामुळे. नंतर फाइल कपाटात ठेवावी, हात धुवावेत, आवारात एक फेरी मारावी. हात धुण्यात काही मंत्र नाही, फक्त त्यासाठी खुर्चीवरून उठावे लागते. या सात मिनिटांत मोबाइल पाहू नये, कारण तिथे दुसऱ्या केसचा संदेश वाट पाहत असतो.

तपासणी : दुपारी चार वाजता सकाळच्या केसची ‘पुढची तारीख’ न पाहता सांगता आली आणि त्यापलीकडे काही आठवले नाही, तर हा टप्पा जमला.

टप्पा 7 : कोणाला, किती सांगावे

डबा खाताना ‘अगं, आज काय आलं होतं माहितीये का’ म्हणून सुरुवात होते आणि चारही जणींच्या मनात तो प्रसंग उतरतो. बोलणाऱ्याला हलके वाटते, ऐकणाऱ्यांची कोणी परवानगी घेतलेली नसते. फ्रान्स्वाज मॅथ्यू या कॅनडातील तज्ज्ञ बाईंनी यासाठी मांडलेला चार पायऱ्यांचा क्रम साधा आहे : आपल्याला सांगायची गरज का वाटते ते आधी ओळखणे, समोरच्याला पूर्वसूचना देणे, संमती घेणे, आणि मग तपशील कमीत कमी ठेवून सांगणे.

आमच्या केंद्रात त्या ताई आणि त्यांच्या सहकारी यांच्यात ते असे होते :

‘एका जड केसबद्दल दहा मिनिटं बोलायचंय. आत्ता जमेल?’

‘आत्ता नको गं, माझी तीनला जॉइंट मीटिंग आहे. साडेचारला बस.’

साडेचारला सांगायचे ते एवढे : ‘भाजल्याची केस आहे. फोटो पाहिल्यावर मला शेगडीची भीती वाटते. रिपोर्ट माझ्याकडून होत नाहीये.’ कसे भाजले, कुठे भाजले, ती काय ओरडली, यातले काही नाही. त्याची गरज ना बोलणाऱ्याला होती, ना ऐकणाऱ्याला. ‘साडेचारला’ हा नकार नाही हेही लक्षात ठेवावे, कारण पहिल्यांदा असे उत्तर मिळाले की बरेच जण पुन्हा विचारतच नाहीत.

याखेरीज पंधरा दिवसांतून एक तास देखरेखीचा असावा, आणि तो वार्षिक मूल्यमापन लिहिणाऱ्या वरिष्ठांबरोबर नसावा. असे कोणी नसेल तर शेजारच्या तालुक्यांतील तीन-चार समुपदेशकांनी मिळून तो ठेवावा.

टप्पा 8 : आता रजा

वरचे बदल तीन-चार आठवडे चालल्यावर रजा घ्यावी. जाण्यापूर्वी ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा केसेसची यादी करावी, सहसा ती पाचाच्या आत असते, आणि प्रत्येकीपुढे कोणी, केव्हा फोन करायचा ते लिहून सहकाऱ्याची सही घ्यावी. त्या अर्जदारांनाही पर्यायी नाव व क्रमांक द्यावा. तोंडी ‘जरा बघ हं’ म्हणून गेलेली रजा फोनवरच संपते. परतल्याचा पहिला दिवस नव्या केसशिवाय असावा, हे अर्जातच लिहून घ्यावे. नंतर मागितल्यास मिळत नाही.

टप्पा 9 : पुन्हा मोजणे

प्रश्नावली मागील 30 दिवसांबद्दल विचारते, म्हणून बदल सुरू केल्यापासून किमान पाच-सहा आठवड्यांनी ती पुन्हा भरावी. दोन-तीन गुणांच्या फरकाला अर्थ देऊ नये. वहीही पुन्हा एक आठवडा ठेवावी.

ताईंच्या केसमध्ये फोटो गॅलरीतून हलवले, त्या केसचे उरलेले लिखाण सहकाऱ्याकडे गेले, त्या स्त्रीच्या भेटी मात्र ताईंनीच चालू ठेवल्या. दुसऱ्यांदा आकडे आले : समाधान 39, बर्नआउट 25, दुय्यम आघात 27. शेगडीची भीती गेली होती, गॅसचा कॉक ताई आता रात्री एकदाच तपासत होत्या. बर्नआउट जागचे हलले नव्हते, आणि ते हलण्याचे कारणही नव्हते, कारण केंद्रातील दुसरे पद अजून रिकामेच होते आणि नव्या केसेस तेवढ्याच येत होत्या. त्यासाठी आम्ही महिन्यागणिक आलेल्या केसेस, भरलेले डीआयआर आणि उपलब्ध मनुष्यबळ यांचा एक पानी तक्ता जोडून कार्यालयाला स्वतंत्र पत्र दिले. त्यात थकव्याचा उल्लेख मुद्दाम केला नाही.